काम नको झाले, त्याची किंमत

सरकारी खात्याने किंवा महापालिकेने चालू काम मध्येच थांबवले की बातमी ठरलेली असते: ‘न केलेल्या कामाचे ठेकेदाराला कोट्यवधी’. ती वाचून चिडणाऱ्या वाचकाचे गणित सरळ असते. काम झाले नाही, तर पैसे कसले? या गणितात वरवर चूक दिसत नाही, आणि म्हणूनच ते निविदेच्या छापील अटींतही जाऊन बसले आहे. माझे म्हणणे त्याच्या उलट आहे. ठेकेदाराचा काही दोष नसताना, केवळ आपल्याला काम नको झाले म्हणून कंत्राट संपवण्याचा अधिकार सार्वजनिक संस्थेकडे असलाच पाहिजे. पण तो अधिकार जितका फुकट ठेवावा, तितका तो वापरणे अवघड होते आणि शेवटी करदात्याला महाग पडते. भरपाई ही ठेकेदारावरची मेहेरबानी नव्हे. मत बदलण्याच्या मुभेची ती किंमत आहे, आणि ती आधी मोजता येईल अशी असेल तरच नको असलेले काम वेळेत थांबते.

1. दोन वेगळ्या गोष्टी, एकच शब्द

‘कंत्राट रद्द’ या एका शब्दात आपण दोन भिन्न प्रसंग कोंबतो. एका प्रसंगात ठेकेदाराने काम रखडवलेले असते, दर्जा राखलेला नसतो किंवा तो जागा सोडून गेलेला असतो. मग खाते त्याची अनामत जप्त करते आणि उरलेले काम त्याच्या खर्चाने व जोखमीने दुसऱ्याकडून करून घेते. दुसऱ्या प्रसंगात ठेकेदार नीट काम करत असतो, पण संस्थेचे कारण बदलते. धरणाची जागा बदलते, उड्डाणपुलाऐवजी मेट्रो ठरते, निधी आटतो किंवा नवे सरकार जुना प्रकल्प नाकारते. हा लेख फक्त या दुसऱ्या प्रसंगाविषयी आहे.

दोन्हींतला फरक कागदावर स्पष्ट असला तरी कार्यालयात तो पुसट होतो, कारण पहिल्या प्रकारात खात्याला पैसे मिळतात आणि दुसऱ्यात द्यावे लागतात. त्याकडे पुढे येतो. आधी आपल्या छापील अटी काय म्हणतात ते पाहू.

2. छापील अटींचा स्वभाव

महाराष्ट्रात सार्वजनिक बांधकाम खात्याचा बी-1 नमुना पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. त्यातले कलम 15 प्रभारी अभियंत्याला कोणत्याही कारणासाठी पूर्ण काम किंवा त्याचा भाग थांबवण्याचा लेखी आदेश देण्याची मुभा देते. ठेकेदाराने आदेश मिळताच थांबायचे, मात्र झालेल्या कामाला इजा पोहोचणार नाही अशा टप्प्यावर. याबद्दल भरपाईचा हक्क नाही, हे कलम आधीच सांगून टाकते आणि मग मोजके अपवाद देते. काम सलग 90 दिवसांहून अधिक पूर्ण बंद राहिले तर ठेकेदार नोटीस देऊन बाहेर पडू शकतो. थांबलेले काम पुन्हा सुरू झाले तर यंत्रे आणि मजूर बसून राहिल्याचा खर्च ठरावीक मर्यादेपलीकडे मागता येतो. आणि काम कायमचे बंद झाले, तर त्यासाठी घेतलेले किंवा घेण्याचा करार झालेले साहित्य सरकारने विकत घ्यावे असे तो म्हणू शकतो. दर अभियंता ठरवणार, आणि तो खरेदीदरापेक्षा जास्त असणार नाही.

थोडक्यात, झालेल्या कामाचे निविदेच्या दराने पैसे आणि उरलेल्या सळई-सिमेंटची किंमत, एवढ्यावर हिशेब मिटतो. ज्याने हा मजकूर लिहिला त्याच्या डोळ्यांसमोर काम म्हणजे वीट, खडी, काँक्रीट होते. काम उभे करण्यासाठी आधी जे उभे करावे लागते ते त्याच्या नजरेत आले नाही.

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या सर्वसाधारण अटींतले कलम 13 एक पाऊल पुढे आहे. कामाचा हेतूच बदलल्यामुळे ते सोडून द्यावे लागले, तर झालेल्या कामाच्या दरांखेरीज तात्पुरते रस्ते, मजुरांच्या झोपड्या, जागेवरचे कार्यालय, गोदाम, पाण्याच्या टाक्या अशा प्राथमिक खर्चाचा न भरून निघालेला वाजवी भाग ते मान्य करते. यंत्रसामग्री हलवणे आणि बाहेरून आणलेले मजूर व कर्मचारी परत पाठवणे हेही मान्य करते. संपूर्ण काम झाले असते तर मिळाला असता तो नफा मात्र मिळणार नाही, असे ते ठाम सांगते. आणि शेवटी, वर्षानुवर्षे छापल्या गेलेल्या मजकुरात, प्राथमिक खर्च व परत पाठवणी यांसारख्या बाबींच्या बेरजेवर एक टोपी ठेवलेली आहे: उरलेल्या कामाच्या किमतीच्या 2 टक्के. खरा वाद या टोपीखाली दडलेला आहे.

3. एका पुलाचा हिशेब

समजा, 20 कोटींचे पुलाचे काम आहे. हे उदाहरण मी बेतलेले आहे, पण त्यातल्या बाबी कुठल्याही साइटवर दिसतील. कार्यारंभ आदेश मिळाल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत मापपुस्तकात जवळजवळ काही चढत नाही. ठेकेदार तेव्हा नदीकाठापर्यंत कच्चा रस्ता करतो, बॅचिंग प्लांटचा पाया बांधून तो उभारतो, विजेची जोडणी घेतो, चाचणीची छोटी प्रयोगशाळा मांडतो, मजुरांची वस्ती करतो, क्रेन आणि पायलिंगची यंत्रे दुसऱ्या जिल्ह्यातून आणतो. बँक गॅरंटीचे कमिशन आणि विम्याचे हप्तेही याच काळात जातात. या सगळ्याला 1 कोटी लागले असे धरू.

आता निविदेचे शेड्यूल बी उघडा. त्यात खोदाईचे घनमीटर आहेत, काँक्रीटचे घनमीटर आहेत, सळईचे टन आहेत. ‘कच्चा रस्ता’ किंवा ‘प्लांट उभारणी’ अशी ओळ नाही. मग हा 1 कोटी कुठे गेला? तो प्रत्येक दरात पसरला. ठेकेदाराला मिळणाऱ्या प्रत्येक शंभर रुपयांत 5 रुपये या सुरुवातीच्या खर्चाचे आहेत. काम पूर्ण झाले तरच तो पूर्ण वसूल होतो.

4 कोटींचे काम मोजून झाले आणि थांबवण्याची नोटीस आली. निविदेच्या दराने 4 कोटी मिळाले, म्हणजे सुरुवातीच्या खर्चापैकी 20 लाख परत आले. 80 लाख नदीकाठावर राहिले. त्यातले पत्रे, टाक्या, केबल दुसरीकडे वापरता येतील, त्याचे 15 लाख वजा करू. राहिले 65 लाख. नफ्याचा यात एक रुपयाही नाही. हा प्रत्यक्ष खिशातून गेलेला, पावत्या असलेला खर्च आहे.

बी-1च्या चौकटीत या 65 लाखांना जागा नाही. केंद्रीय अटींत जागा आहे, पण टोपी घालून. उरलेले काम 16 कोटी, त्यातून सरकारने ताब्यात घेतलेले 1 कोटीचे साहित्य वजा जाता 15 कोटी, त्याचे 2 टक्के म्हणजे 30 लाख. मजुरांना गावी पाठवण्याचा खर्चही त्यातच बसवायचा. ‘झालेल्या कामाचे पूर्ण पैसे दिले’ हे वाक्य म्हणूनच अर्धसत्य आहे. दर पूर्ण दिले, पण ते दर पूर्ण काम होईल या गृहीतावर बांधलेले होते. गृहीत मोडले खात्याने आणि फरक सोसला ठेकेदाराने.

शिवाय टोपीचे हत्यार उलटे चालते. काम जितके पुढे गेले तितके उरलेले काम कमी, म्हणून मर्यादाही कमी. न वसूल झालेला खर्चही कमी होत जातो, हे खरे. पण दुसरीकडे वापरता येणारे सामान बाजूला ठेवले, तर दोन्ही एकाच प्रमाणात घटत असल्याने मर्यादा कुठल्याच टप्प्यावर खर्चाला गाठत नाही. मोठ्या उभारणीच्या कामात, म्हणजे बोगदा किंवा समुद्रातला पूल, ती नेहमीच तोकडी. किरकोळ डांबरीकरणाला मात्र पुरून उरेल. एकच टक्केवारी सर्व कामांना लावणे ही सोय आहे, हिशेब नव्हे.

4. न मिळालेल्या नफ्याचे काय?

इथे मी ठेकेदारांच्या बाजूने बोलणार नाही. आपल्या 1872 च्या करार कायद्याचे कलम 73 करारभंग झाल्यास त्यातून साहजिक उद्भवणारे नुकसान देऊ करते. गुजरातमधल्या एका रस्त्याच्या कामात, ब्रिजपाल सिंग यांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने 1984 साली उरलेल्या कामावर 15 टक्के दराने गमावलेला नफा मान्य केला होता. पण तिथे सरकारने करार मोडला होता. करारातच थांबवण्याचा अधिकार लिहिलेला असेल आणि तो नीट वापरला असेल, तर करार मोडलेला नाही. करार जसा लिहिला होता तसा संपला.

आपल्या पुलावर 10 टक्के नफा धरला तर उरलेल्या 16 कोटींवर तो 1 कोटी 60 लाख होतो. तो द्यावा का? माझे उत्तर नाही. ठेकेदाराची माणसे, यंत्रे आणि भांडवल मोकळे झाले, ते दुसऱ्या कामावर नफा मिळवू शकतात. शिवाय न केलेल्या कामाचा नफा ही अंदाजाची वस्तू आहे आणि अंदाजावर सार्वजनिक पैसा देणे धोक्याचे. अमेरिकेतील केंद्र सरकारच्या खरेदीचे नियम हीच रेघ आखतात. झालेल्या कामाचा खर्च, त्यावर वाजवी नफा, सुरुवातीची वसूल न झालेली उभारणी, हिशेब मिटवण्याचा खर्च, हे सगळे द्यायचे. भावी नफा नाही आणि हिशेब मिटवण्याचा खर्च वगळता एकूण रक्कम मूळ कराराच्या किमतीवर जाणार नाही. उभारणीचा खर्च तिथे प्राथमिक खर्च म्हणून नावानिशी मान्य आहे. आपल्याकडे वादाची सुरुवात नफ्यापासून होते आणि 65 लाखांचा साधा प्रश्न 1 कोटी 60 लाखांच्या आरडाओरड्यात बुडतो. ठेकेदारही लवादापुढे आकडा फुगवतो, कारण खरा आकडा मागण्याची जागाच करारात नाही.

आंतरराष्ट्रीय सल्लागार अभियंत्यांच्या महासंघाने, म्हणजे फिडिकने, 1999 च्या अटींत मालकाच्या सोयीसाठीच्या समाप्तीला भावी नफा दिला नव्हता, 2017 च्या आवृत्तीत दिला. मला जुनी रेघ योग्य वाटते. पण दोन्ही आवृत्त्यांतली एक गोष्ट घेण्यासारखी आहे: स्वतः किंवा दुसऱ्या ठेकेदाराकडून तेच काम करून घेण्यासाठी ही समाप्ती वापरता येत नाही. 2017 मध्ये ही मनाई जुन्या ठेकेदाराचे देणे चुकते होईपर्यंत आहे.

5. ‘सोय’ म्हणजे लहर नव्हे

ही मनाई महत्त्वाची का, ते अमेरिकी न्यायालयांच्या चाळीसेक वर्षांपूर्वीच्या वादात दिसते. सॅन दिएगोतल्या नौदलाच्या वस्तीतले पेस्ट कंट्रोलचे काम एका ठेकेदाराला दिले होते. अधिकाऱ्यांनी ते काम गुपचूप स्वस्त पर्यायाकडे वळवले आणि नंतर समाप्तीच्या कलमाचा आधार घेतला. 1982 च्या टॉर्नचेलो निकालाने ते नाकारले: कधीही, काहीही न देता बाहेर पडता येत असेल तर सरकारने मुळात काय वचन दिले? 1996 च्या क्रिगोस्की निकालाने हे धोरण पुष्कळ सैल केले. मिशिगनमधल्या जुन्या क्षेपणास्त्र तळावर अॅस्बेस्टॉस अपेक्षेपेक्षा खूप जास्त निघाले आणि नव्याने निविदा काढण्यासाठी करार संपवला, तर वाईट हेतू सिद्ध झाल्याशिवाय न्यायालय हात घालणार नाही असे ठरले. मला दुसरा निकाल व्यवहारात बरोबर वाटतो, पण तिथे समाप्तीनंतर पूर्ण खर्च मिळतो म्हणूनच. भरपाई चोख असेल तर कारणाची चिरफाड कमी करता येते. भरपाई शून्य असेल तर न्यायालयाला प्रत्येक कारण तपासावे लागते.

आपल्याकडे 2024 च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने कोलकात्याच्या भुयारी मार्गांच्या देखभालीचे कंत्राट रद्द करणे मनमानी ठरवले. सार्वजनिक संस्था खासगी मालकासारखी ‘मला वाटले’ म्हणू शकत नाही, हा त्यातला गाभा.

6. शून्य भरपाईचा खरा परिणाम

आता मुख्य मुद्दा. समाप्ती फुकट असेल तर खाते सहज बाहेर पडेल असे वाटते. प्रत्यक्षात तसे होत नाही, आणि याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण लेखापरीक्षण. थांबवलेल्या कामावरचा खर्च हा ‘निष्फळ खर्च’ म्हणून आक्षेपात येतो आणि सही करणाऱ्याला खुलासा द्यावा लागतो. कामाला नुसतीच मुदतवाढ देत राहिले तर कुणाची सही अडकत नाही. म्हणून जे काम कुणालाच नको आहे ते ‘स्थगित’ राहते. बँक गॅरंटीचे नूतनीकरण होत राहते, प्लांट गंजतो, बी-1 मधले 90 दिवस उलटतात. नऊशे दिवस उलटले तरी ना खाते समाप्ती लिहीत, ना ठेकेदार बाहेर पडतो, कारण स्वतःहून बाहेर पडणाऱ्याच्या हाती साहित्याच्या किमतीपलीकडे काही लागत नाही आणि पुढच्या निविदांत नाव खराब होण्याची धास्ती असते.

दुसरे कारण त्याहून वाईट. काम संपवायचेच असेल तर सोयीची समाप्ती लिहिण्यापेक्षा दोषाची लिहिणे स्वस्त दिसते. विलंबाच्या जुन्या नोटिसा फाइलमध्ये असतातच. जागा उशिरा दिली म्हणून झालेला विलंबही ठेकेदाराच्या नावावर मांडता येतो. अनामत जप्त होते, ठेकेदार लवादात जातो आणि सात-आठ वर्षांनी व्याजासह निकाल येतो, तेव्हा सही करणारा अधिकारी निवृत्त झालेला असतो. अमेरिकी करारात यावर साधा इलाज आहे: दोषाची समाप्ती चुकीची ठरली, तर ती आपोआप सोयीची समाप्ती मानली जाते आणि हिशेब ठरलेल्या सूत्राने होतो. हा इलाज खात्यालाही वाचवतो, कारण भावी नफ्याचा दावा मागे पडतो. आपल्या नमुन्यांत हे एक वाक्य घालायला कुणाचे काही जात नाही.

7. आक्षेप

पहिला आक्षेप: ठेकेदाराने अटी वाचून सही केली, धोका दरात धरला असेल. धरला असेल तर तो धोका कधीच न थांबणाऱ्या कामांच्या दरातही शिरला, म्हणजे करदाता प्रत्येक पुलावर एका न घडलेल्या समाप्तीचा हप्ता भरतो. आणि धरला नसेल, जे अंदाजपत्रकापेक्षा बरेच कमी दराने निविदा भरणाऱ्या आपल्या बाजारात जास्त संभवते, तर तोटा खाली ढकलला जातो. सेंटरिंगवाला, खडीचा पुरवठादार आणि मजुरांचा मुकादम यांच्याशी छापील करार नसतात. पहिल्यांदा थकतात ते त्यांचे पैसे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. खर्चाच्या आधारे भरपाई दिली तर तोट्यातल्या ठेकेदाराला समाप्ती ही लॉटरीच. समजा तो 20 कोटींचा पूल 22 कोटींत पडला असता. काम चालले असते तर 2 कोटी बुडाले असते, पण मध्येच थांबल्यामुळे खर्च भरून मिळाला आणि तोटा खात्यावर आला. हे टाळण्यासाठी तोट्याचे प्रमाण लावतात: कराराची किंमत भागिले पूर्ण कामाचा अंदाजित खर्च, इथे 20 भागिले 22, म्हणजे साधारण 0.91. मान्य खर्च या आकड्याने गुणायचा आणि नफा द्यायचा नाही. मात्र यासाठी ‘पूर्ण होण्यास किती लागले असते’ याचा प्रामाणिक अंदाज लागतो आणि तो काढायला ठेकेदाराची वहीखाती उघडावी लागतात. केंद्रीय अटींत ती मागण्याचा अधिकार आहे. वापरला किती जातो, हा वेगळा प्रश्न.

तिसरा आक्षेप राजकीय आहे आणि त्याला मेलबर्नचे उदाहरण जोडता येते. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात ईस्ट वेस्ट लिंक या रस्त्याचा करार सप्टेंबर 2014 मध्ये झाला, निवडणूक नोव्हेंबरात होती आणि विरोधी पक्षाने आधीच तो रद्द करण्याचे सांगितले होते. मावळत्या सरकारने कंपन्यांना भरपाईची हमी देणारे वेगळे पत्रही दिले. नवे सरकार आले, एप्रिल 2015 मध्ये सुमारे 34 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरवर तडजोड झाली आणि महालेखापरीक्षकांनी वर्षअखेर एकूण खर्च 110 कोटी डॉलरच्या वर गेल्याचे नोंदवले. रस्ता झाला नाही. म्हणजे भरपाईची हमी हे पुढच्या सरकारचे हात बांधण्याचे साधन होऊ शकते. पण नीट पाहा: धोका ठरावीक सूत्रामुळे नव्हता, कराराबाहेरच्या पत्रामुळे होता. भरपाई छापील अटीत, सर्व कामांना एकसारखी आणि खर्चापुरती असेल तर असे पत्र लिहायला जागाच उरत नाही. आणि करार झाल्यापासून जितक्या लवकर थांबाल तितका खर्च कमी, हे त्याच सूत्रातून आपोआप घडते.

8. नोटिशीच्या दिवशी

सूत्र कितीही चांगले असले तरी भांडण मापात होते. म्हणून समाप्तीच्या नोटिशीत रकमेपेक्षा कामाची यादी असावी असे माझे मत आहे. सात दिवसांत संयुक्त मोजणी आणि दोघांच्या सह्या. उघडे खड्डे व अर्धवट खांबांच्या सळया सुरक्षित करण्याचे काम कुणाचे आणि कोणत्या दराने. जागेवरचे व वाटेतले साहित्य कोणते घ्यायचे. उभारणीसाठी दिलेल्या आगाऊ रकमेवरचे व्याज नोटिशीच्या तारखेला थांबले की नाही. बँक गॅरंटी कधी परत.

आणि एक बारीक गोष्ट, जी साइटवर हमखास सुटते. शेवटच्या आठवड्यात ओतलेल्या काँक्रीटच्या घनांची 28 दिवसांची चाचणी नोटिशीनंतर येते. तोवर प्रयोगशाळा बांधून नेलेली असते, पाण्याच्या टाकीत घन बुडालेले असतात आणि शाखा अभियंत्याची दुसरीकडे बदली झालेली असते. चाचणीचा अहवाल नाही म्हणून त्या ओतणीचे बिल अडते. ते घन कुणी उचलायचे, कुठल्या प्रयोगशाळेत तोडायचे आणि त्याचे पैसे कुणी द्यायचे, हे नोटिशीत एका ओळीत लिहिता येते.